शेऱ्यासकट आलेली तक्रार

तक्रार माझ्या टेबलावर आली तेव्हा तिच्यावर भाऊंचा शेरा आधीच पडलेला होता. 'अंतर्गत समितीकडे. योग्य ती कार्यवाही करावी.' खाली त्यांची लांब शेपटीची सही. आणि तक्रार होती खुद्द भाऊंविरुद्ध.

मी कागद पुन्हा वाचला, उठले आणि दार लावून घेतलं. भीतीनं नाही, संतापानं. भीती नंतर आली, आणि आली ती मुक्कामालाच.

आधी हे भाऊ कोण ते सांगते. आमची पतसंस्था रिसोडची, शाखा जिल्हाभर. भाऊ संस्थापक आणि अध्यक्ष. नोकरीवर घेणारे ते, कायम करणारे ते, घरी पाठवणारेही तेच. त्यांना भाऊ म्हणा असं कोणी कोणाला सांगत नाही. नोकरीला लागलं की ते आपोआप तोंडात बसतं. मी प्रशासन पाहते, म्हणजे नेमणुका, रजा, बदल्या. कचेरीतल्या बायकांच्या छळाच्या तक्रारी ऐकायला कायद्यानं समिती नेमावी लागते, तिची प्रमुख मी. त्यात माझा काही पराक्रम नाही. प्रमुख बाईच लागते, तीही वरच्या पदावरची, आणि आमच्याकडे वरच्या पदावर बाया दोनच. एक मी, दुसरी कर्ज विभागाची मॅडम.

समितीच्या नावांचा फलक मीटिंग हॉलमध्ये लावलेला आहे. त्याच्या शेजारी त्याच्या चौपट मोठा फोटो आहे, राखी पौर्णिमेचा. दरवर्षी त्या दिवशी सगळ्या शाखांतल्या बाया मुख्य कार्यालयात येतात. भाऊ खुर्चीत बसतात, मनगटापासून कोपरापर्यंत राख्या, आणि प्रत्येकीला साडी. नवीन लागलेल्या मुलीला पहिल्या राखीचा मान. गेल्या वर्षी तो मान जिला मिळाला, तिचीच ही तक्रार होती.

पोरगी कारंज्याकडच्या धनजची. काउंटरवर बसायची, रिसोडला खोली करून राहायची, नोकरी अजून पक्की नव्हती. तक्रारीत काय लिहिलं होतं ते मी सांगणार नाही. कायदा सांगू देत नाही, आणि देत असता तरी सांगितलं नसतं. भाऊंच्या गाडीत घडलं, आणि नंतर फोनवर घडत राहिलं, एवढं पुरे. नोकरी पक्की करणं कोणाच्या हातात आहे याची आठवण तिला मधूनमधून करून दिली जात होती.

मी तिला आत बोलावलं. ती बसली नाही.

"अवं, हे आवक कायले केलं?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा. "सरळ माह्या हातात द्याचं ना."

"मॅडम, शिक्का नाही मारला तं उद्या म्हनतीन अर्जच नाही आला."

बरोबरच होतं तिचं. संस्थेत तिला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट हीच, शिक्का नाही तर कागद नाही. आणि दुसरी गोष्ट तिला कोणी शिकवली नव्हती, कारण आम्हा सगळ्यांच्या ती इतकी अंगवळणी पडली होती की सांगायचं सुचतच नाही. आवक झालेला प्रत्येक कागद आधी भाऊंच्या टेबलावर जातो. लग्नाची पत्रिका असो, वीजबिल असो, की कोणाचा राजीनामा. भाऊ शेरा मारतात, मग कागद खाली उतरतो. तक्रार गुप्त ठेवायची असते हे आम्ही प्रशिक्षणात समोसे खाता खाता ऐकलं होतं. पण गुप्त कागदाला आवक खिडकीतून जाऊ देऊ नये, हे ना त्या खिडकीवरच्या माणसाला सुचलं ना मला. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथं शेतानंच कुंपणाला पत्र लिहिलं होतं, आणि कुंपणानं त्यावर 'योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा मारला होता.

"आता काय होईन मॅडम?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, समिती बसेल, तुझं ऐकेल. तिनं मान हलवली आणि काउंटरवर परत गेली. मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं, की तिनं मला भाऊंच्या शेऱ्याबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. पाहिला मात्र नक्की होता.

रविवारी सकाळी भाऊ आमच्या घरी आले.

नेहमीसारखे आले. चपला बाहेर काढल्या, नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, चहात साखर कमी टाकायला सांगितली. माझ्या मुलीची विचारपूस केली, जावयाची केली. इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. मला भाऊ नाही. सख्खा नाही, चुलत नाही. मुलीच्या लग्नात तिला मांडवात घेऊन यायला मामा कोण, हा प्रश्न आला तेव्हा भाऊ म्हणाले, मी आहे ना. आले, फेटा बांधून आले, आणि मुलीचा हात धरून तिला मांडवात आणून उभी केली. मी रडले होते तेव्हा. आमच्या अल्बममध्ये पहिला फोटो त्यांचा आहे.

"भाऊ, आता तुमी इथी यायले नोको होतं," मी म्हटलं.

"काहून? बहिनीच्या घरी यायले परवानगी लागते काय?"

नवरा उगाच हसला. मी हसले नाही. भाऊंनी कप खाली ठेवला.

"हे पाय बाई, मी बोर्डाले सांगतलं, समिती बदलाची नाही. तूच पाह्य. जसं दिसन तसं लिह्य, खरं तेच लिह्य. मी तुले काई म्हनत नाही. पन बाहेरच्याच्या हातात नोको जाऊ देऊ. तुह्यावर माहा पूरा भरोसा हाये."

बस, एवढंच. धमकी नाही, लालूच नाही, एक वाकडा शब्द नाही. धमकी दिली असती तर मी त्यांना दारातच सुनावलं असतं, माझं तोंड सगळ्या रिसोडला माहीत आहे. पण माणूस माझ्याकडं काही मागतच नव्हता. ज्याच्यावर आरोप तोच न्यायाधीश निवडत होता, आणि निवडताना माझ्या घरचा चहा पीत होता. दुसरा कप घेऊनच गेले.

दार लागल्यावर नवरा म्हणाला, "तू समितीतून बाजूला हो. साधी गोष्ट हाये."

"बाजूला झाली तं माह्या जागी कोन बसन? कर्जवाली मॅडम. थी तं भाऊ म्हनन तिथी सही करते."

"मंग राह्य."

"राह्यली तं मी काय करीन? माह्या पोरीच्या मामाची चौकशी?"

त्यानं भाऊंचा कप उचलून आत नेला. इकडे आड अन् तिकडे विहीर, आणि मधल्या जागेवर मी नाही, ती धनजची पोरगी उभी होती. मी राहिले तरी तिचं ऐकणारे कान भाऊंचे, मी निघाले तरी भाऊंचेच. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. स्वयंपाक मात्र खारट झाला, तो नवऱ्यानं न बोलता खाल्ला.

समितीची बैठक मीटिंग हॉलमध्ये झाली. आम्ही चार जण. मी, कर्ज विभागाची मॅडम, इतिवृत्त लिहायला लेखापाल, आणि बाहेरच्या सदस्य म्हणून वाशीमच्या एक ताई. समितीत एक तरी माणूस संस्थेबाहेरचं, बायकांसाठी काम करणारं लागतं, म्हणून या ताई. त्यांना भाऊंनीच निवडलं होतं, सुती साडीतली शांत बाई पाहून. भाऊंचा माणसांचा अंदाज क्वचित चुकतो. इथं चुकला.

ताईंनी सुरुवातीलाच विचारलं, "सुनावणीच्या आधी प्रत्येकानं सांगा. ज्यांच्यावर तक्रार आहे त्यांच्याशी कोणाचा काही संबंध?"

मॅडम म्हणाल्या, नातं नाही. लेखापाल म्हणाले, नातं नाही. मीही म्हटलं, नातं नाही. जात वेगळी, गाव वेगळं, आडनाव वेगळं, आमच्याकडे संबंध म्हणजे एवढंच. लेखापालांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'कोणत्याही सदस्याचा अध्यक्षांशी नातेसंबंध नाही.' ताईंनी ऐकून घेतलं. मग त्या आमच्या डोक्यावरच्या फोटोकडं पाहू लागल्या. बराच वेळ पाहत होत्या.

"यात तुम्ही दोघी आहात ना?"

"राखी काय, सगळ्याच बांधते," मॅडम म्हणाल्या. "तिनंबी बांधली. पयली राखी तिचीच होती. भावाले राखी बांधाची अन् मंग असं बोलाचं."

"आणि पगारवाढ कोण देतं तुम्हाला?"

मॅडमनी पदर सावरला. मी खाली पाहिलं तर टेबलाच्या काचेत तो फोटो उलटा दिसत होता. आणि मी बोलले, कारण आता नाही बोलले तर पुन्हा कधी बोलणार नाही हे मला पक्कं कळलं होतं.

"माह्या पोरीच्या लग्नात मामा म्हनून भाऊ उभे होते. तिले हात धरून मांडवात त्याइनच आनलं. रविवारी माह्या घरी येऊन चहा पिऊन गेले. माहा संबंध हाये. लिहा."

लेखापालांचा पेन थांबला. मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"मंग तुमी बाजूला व्हा ना. मी चालवते. कोनाचंच काई जानार नाही."

हेच ते. ज्याची मला भीती होती तेच, आणि मीच दार उघडून दिलं होतं. पण ताईंनी हात वर केला.

"एका बाईनं उठून दुसरीनं बसायचं, असं नाही हे. ज्याच्या हातात नेमणूक आणि पगार, तो कायद्यानं मालक. मालकावर तक्रार असेल तर घरातल्या समितीनं तिला हातच लावायचा नाही. त्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, वाशीमला. तिला अर्ज तिकडे करावा लागेल. आपण चौकशी केली तर ती त्यांच्याच उपयोगाची. आपण काहीही लिहिलं तरी उद्या म्हणता येईल, या समितीला अधिकारच नव्हता."

"पन बोर्डाचा ठराव हाये," लेखापाल म्हणाले. "अंतर्गत समितीनंच चौकशी कराची म्हनून."

"ठरावावर सही कोणाची?"

लेखापालांनी ठरावाची प्रत पाहिली. मग ती उपडी ठेवली. अध्यक्ष म्हणून सही भाऊंचीच होती, दुसऱ्या कोणाची असणार?

एकमत झालं नाही. दोघं म्हणाले चौकशी करू, दोघी म्हणालो अधिकार नाही. लेखापाल लिहायला तयार होईनात, म्हणून मी माझ्या हातानं लिहिलं, की या समितीला ही तक्रार ऐकता येत नाही, आणि प्रमुख म्हणून माझा हितसंबंध आहे, तक्रारदाराला स्थानिक समितीकडे अर्ज करण्याबाबत कळवावं. मी सही केली, ताईंनी केली. मॅडम उठून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "आपलेच दात आपलेच ओठ, बाई. तुमाले समजत कसं नाही?" मला चांगलंच समजत होतं.

ताई जिन्यात थांबल्या. म्हणाल्या, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अर्ज जायला पाहिजे. उशिराला कारण असेल तर समिती मुदत वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. चौकशी चालेपर्यंत रजा किंवा बदली मिळू शकते, पण ती तिनं स्वतः लेखी मागावी लागते. आणि समेट हवा असेल तर तोही फक्त तिनं म्हटलं तरच, पैशावर तर मुळीच नाही. मी सगळं ऐकलं. मुदतीतले दिवस आमच्या आवकमध्ये, शेऱ्यात आणि बैठक ठरवण्यात गेले होते, थोडेच उरले होते. आणि पोरगी तोपर्यंत रजा टाकून धनजला निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणखी एक कागद उतरला. तिला नोकरीत कायम करण्याचा आदेश तयार करा, कारंजा शाखेत नेमणूक, घराजवळ. वर शेरा होता, 'तातडीने.' कच्च्या नोकरीची तिची मुदत संपायला अजून अवकाश होता. आजवर कोणाला मुदतीआधी कायम केल्याचं मला आठवत नव्हतं, आणि असे आदेश सगळे माझ्याच हातून गेलेले आहेत.

मागोमाग उपाध्यक्षसाहेब आले. भला माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणाले, "मी धनजले जाऊन आलो. तिची माय समजदार बाई हाये. पोरीनं फक्त लिहून द्याचं, गैरसमज झाला होता म्हनून. झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. तिचंबी भलं अन् संस्थेचंबी."

"अन् हा आदेश?"

"तो तं तिच्या भल्याचाच हाये."

मी आदेश टाइप केला नाही. खणात टाकला आणि खणाला किल्ली लावली. पण माझी किल्ली किती दिवस पुरणार? आदेश टाइप करणारे हात कचेरीत कमी नव्हते. भाऊंनी मला काहीच विचारलं नाही, भेटले तेव्हा नेहमीसारखे हसले. त्या हसण्याचीच मला धडकी भरली. मी एका दिवसाची रजा टाकली आणि एसटीनं कारंजा, तिथून जीपनं धनजला गेले.

थंडीचे दिवस होते, तूर भरात आलेली. तिच्या आईनं उकडलेल्या शेंगांची ताटली पुढं ठेवली आणि स्वतः लांब बसली. पोरगी चौकटीला टेकून उभी होती. मी सगळं सांगितलं. आमची समिती का नाही, वाशीमची का, मुदत किती उरली. मला वाटलं होतं तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड पडेल.

"तुमच्या घरी थे चहा पिऊन गेले ना मॅडम?"

रिसोडमधल्या गोष्टी धनजला पोचायला वेळ लागत नाही. मी म्हटलं, हो, गेले.

"तुमी म्हनता वाशीमले जा. साहेब येऊन म्हनून गेले इथीच मिटव. दोघंबी मले आपल्या दारातून काढूनच राह्यले." तिचा आवाज चढला नाही, तो जास्त लागला. "मले वाटलं होतं तुमी ऐकान. फलकावर तुमचं नाव होतं."

तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिला, आणि मी तोंड दाबणाऱ्यांपैकीच दिसत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचाच राग आला, कारण रडायचा हक्क तिथं माझा नव्हता.

"माह्यावर विश्वास ठेवू नोको," मी म्हटलं. "ठेवूच नोको. म्हनून तं आली एवढ्या लांब. मी त्याइची मानलेली बहीन हावो. मी तुह्यं ऐकलं, अन् उद्या तुह्याच बाजूनं लिहिलं, तरी तुले जल्मभर वाटन का हिनं काई तरी राखलंच असन. अन् विरुद्ध लिहिलं तं मंग बोलाचंच काम नाही. जे लोकं भाऊले ओयखत नाही त्याइच्यासमोर बोल. मी नाही, कर्जवाली मॅडम नाही, साहेब नाही."

तिची आई पहिल्यांदा बोलली. "बाई, पोरीची नोकरी पक्की होऊन राह्यली. इथी कारंज्याले. रोज घरी येईन. लग्नाचं पाह्याचं हाये. तुमचं काय जाते?"

"माहं बी जाईन," मी म्हटलं. पण त्याला काही अर्थ नव्हता, आणि आईनं ते ओळखलं. शेंगा तशाच राहिल्या. मुलीनं ना हो म्हटलं ना नाही. मी जीपमध्ये बसले तेव्हा ती दारात नव्हती.

परतीचा तो प्रवास मला विसरता येत नाही. मला खात्री होती, गेली ही. उद्या सही करेल, गैरसमजाचा कागद आवक होईल, भाऊ त्यावर शेरा मारतील आणि राखीला ती पुन्हा रांगेत उभी राहील. आणि मी तिच्या मागं. कोणाला सांगू, कोणापुढं डोकं आपटू, असं झालं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू तुझं केलंस. म्हणजे काहीच केलं नाही, असाच त्याचा अर्थ.

मग मुदत अगदी टेकली असताना एका सकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, मी वाशीमच्या स्टँडवर हावो. थे हापिस कोठी हाये?"

मी भाजी गॅसवर टाकून निघाले. नवऱ्यानं ती बंद केली की करपली, मला आजही माहीत नाही. जीप मिळाली, वाशीमला उतरले तर ती रसवंतीजवळ पिशवी छातीशी धरून उभी होती, एकटी. आईला सांगितलं का, असं मी विचारलं नाही. तिनं नवा अर्ज स्वतः लिहून आणला होता. अर्जाच्या सहा प्रती लागतात, त्या आम्ही झेरॉक्सच्या दुकानात काढल्या. दुकानदार कागद उलटून पाहू लागला तेव्हा मी त्याच्या हातातून ओढूनच घेतला. त्याला वाईट वाटलं असेल, वाटू दे. रजा हवी असल्याचं निवेदन तिनं वेगळं लिहिलं, तिथंच काउंटरवर वाकून.

महिला व बाल विकासच्या कार्यालयात स्थानिक समितीच्या बाई नेमक्या आल्या होत्या. चष्मा कपाळावर चढवलेला, समोर दुसऱ्या कोणाचे तरी कागद. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?"

इतका सोपा प्रश्न. समितीची प्रमुख म्हणू? मी बाजूला झाले होते. तिच्याकडची म्हणू? ती म्हणू देईल का? भाऊंची बहीण? मी म्हटलं, "सोबत आले."

"मग बाहेर बसा. तिला एकटीला बोलू द्या."

मी बाहेर बाकावर बसले आणि दार लागलं. आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. जन्मात कधी बंद दारानं मला इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि इतकी भीतीही. पर्समध्ये फोन वाजत होता. भाऊ. वाजून थांबला, पुन्हा वाजला.

नंतरचं जेवढं सांगता येतं तेवढं इथंच सांगून टाकते. वाशीमच्या समितीनं तक्रारीची प्रत भाऊंना पाठवली, त्यांचं म्हणणं मागवलं, तिला रजा द्यावी असं संस्थेला लेखी कळवलं. चौकशी चालू आहे. आत काय झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी लिहिता आलं नसतं. माझी बदली एका लहान शाखेत झाली आहे. तिथं आवक खिडकी नाही, एकच टेबल आहे, ते माझंच. माझी मुलगी सासरहून फोन करते आणि मामाचं काय चाललंय असं विचारते. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. आता राखी येईल. मला खरंच ठाऊक नाही त्या दिवशी मी कुठं असेन.

त्या दिवशी मात्र बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि ती बाहेर आली. डोळे सुजलेले होते. अर्जाची पोचपावती तिनं घडी करून मुठीत धरली होती. बाकावर माझ्याशेजारी बसली.

"काय झालं? ऐकलं का त्याइनं?"

"मॅडम," ती म्हणाली, "मी सांगून राह्यली होती, भाऊनं असं केलं, भाऊनं तसं केलं. तं त्या बाईनं मले मंधातच थांबवलं." तिनं नाक पुसलं. "म्हने, हे भाऊ कोन? पूरं नाव सांग."

आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. मग मलाही राहवलं नाही.

"त्याइले माहीतच नाही मॅडम, थो कोन हाये."